बी झाडापासून दूर कशी जाते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मे महिन्यात सावरीचा कापूस गल्लीभर तरंगायला लागला, किंवा पावसाळा संपताना माळावरून आल्यावर पँटला कुसळं आणि आघाडा चिकटला, की हे प्रश्न दरवर्षी निघतात. माझ्याकडे गेली काही वर्षं शाळेतली मुलं, शेतकरी मित्र आणि गच्चीवर बाग करणारे शेजारी जे विचारत आले, ते इथे एकत्र केलंय. उदाहरणं शक्यतो सह्याद्री, कोकण आणि देशावरची घेतली आहेत, म्हणजे वाचून झाल्यावर बाहेर जाऊन बघता येईल.

बीला आईपासून दूर जायची गरजच काय? झाडाखाली पडली तर काय बिघडतं?

सगळे पहिलं उत्तर देतात ते सावलीचं. मोठ्या झाडाखाली ऊन कमी, पाण्यासाठी मुळांची ओढाताण, म्हणून रोप वाढत नाही. हे खरंच आहे, पण यापेक्षा मोठं कारण वेगळं आहे. एखाद्या झाडावर जगणारे भुंगेरे, अळ्या आणि बुरशी त्या झाडाच्या आसपासच मुक्काम ठोकून असतात. वर्षानुवर्षं त्याच झाडाच्या बिया त्याच जागी पडत गेल्या, की त्या किडींना आयता डबा मिळतो. डॅनियल जॅन्झेन यांनी 1970 मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी 1971 मध्ये हा विचार वेगवेगळा मांडला: आईच्या जवळ बिया जास्त पडतात, पण तिथेच त्या जास्त मरतात. थोडं दूर गेलं की बिया विरळ होतात आणि प्रत्येकीची जगायची शक्यता वाढते.

हे बघायला जांभळाचं झाड उत्तम. जुलैत झाडाखाली रोपांची दाट लव आलेली असते, पाय ठेवायला जागा नसते. त्याच जागी पुढच्या उन्हाळ्यात जाऊन बघा. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी रोपं उरलेली असतात, कधी तेवढीही नसतात.

मग जितकी दूर जाईल तितकी चांगली का?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. किती लांब गेली यापेक्षा कुठे पडली हे बीला महत्त्वाचं. खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या कांदळाची बी दहा किलोमीटर आत डोंगरावर पडली तर ती मेली. बांडगुळाची बी जमिनीवर पडली तर तीही मेली, मग ती आईपासून एक मीटरवर असो की शंभर. वारा, पाणी, प्राणी आणि फुटणारी शेंग या चार वाहनांमधला खरा फरक अंतराचा नसून उतरवण्याच्या जागेचा आहे. वारा कुठेही टाकतो. पाणी काठावर आणून सोडतं. पक्षी जिथे बसतो तिथे सोडतो, आणि पक्षी बसण्याच्या जागा ठरलेल्या असतात.

दुसरी गोष्ट अशी की कुठल्याही झाडाच्या बऱ्याचशा बिया जवळच पडतात. फार थोड्या लांब जातात, पण नवीन जागी जंगल उभं राहतं ते त्या थोड्यांमुळेच.

वाऱ्यावरची बी किती लांब जाऊ शकते? काही हिशेब करता येतो का?

साधा हिशेब येतो. बी जितका वेळ हवेत राहील तितका वेळ वारा तिला ढकलणार. म्हणजे झाडाची उंची भागिले बी खाली येण्याचा वेग, म्हणजे हवेतला वेळ. त्याला वाऱ्याच्या वेगाने गुणलं की अंतर मिळतं.

समजा झाड 20 मीटर उंच आहे आणि वारा सेकंदाला 3 मीटर, म्हणजे पानं सळसळतील इतका. मोहरीसारखा उघडा दाणा सेकंदाला साधारण 5 मीटरने खाली येतो असं धरू. तो 4 सेकंदांत जमिनीवर येईल आणि 12 मीटरवर पडेल. म्हणजे अजून आईच्या फांद्यांखालीच किंवा जेमतेम बाहेर. तेवढ्याच वजनाच्या बीला केसांचा झुबका लावला आणि ती सेकंदाला अर्धा मीटर इतकी सावकाश उतरू लागली, तर ती 40 सेकंद हवेत राहील आणि 120 मीटर जाईल. बी तीच, फक्त उतरण्याचा वेग दहापट कमी केला.

हा हिशेब वारा फक्त आडवा वाहतो असं धरून केलाय. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते, आणि ती हवा सेकंदाला अर्धा मीटरपेक्षा वेगाने चढत असेल तर आपली बी खाली येतच नाही, उलट वर जाते. म्हणून तर म्हाताऱ्या भर दुपारी जास्त उडताना दिसतात. सावरीची बोंडं कडक उन्हाळ्यात उकलतात, रुईची फळंही कोरड्या दिवसांत फुटतात. ओल्या हवेत केस एकमेकांना चिकटतात आणि सगळा खेळ बिघडतो.

सावरीचा कापूस आणि रुईची म्हातारी एकच ना?

लांबून एकच वाटतात, पण हातात घेऊन बघा. रुईचं फळ पिकून एका बाजूने उकललं की आत चपट्या तपकिरी बिया खवल्यांसारख्या एकावर एक रचलेल्या दिसतात. प्रत्येक बीच्या एका टोकाला रेशमी केसांचा झुबका असतो, आणि तो बीचाच भाग असतो. केस धरून उचललं तर बी सोबत येते. ही खरी म्हातारी.

सावरीचं बोंड उकलून बघितलं तर वेगळंच दिसतं. तिथला कापूस बीला चिकटलेला नसतो. तो बोंडाच्या आतल्या भिंतीतून उगवतो, आणि काळ्या गोल बिया त्यात नुसत्या गुंडाळलेल्या असतात. वाऱ्याने कापसाचा पुंजका निघाला की त्यात एखाददुसरी बी अडकून जाते आणि वाटेत हिसका बसला की गळून पडते. म्हणून अंगणात येणारे कितीतरी पुंजके रिकामे असतात. बी आधीच कुठेतरी उतरलेली असते. शेतातल्या कपाशीत पुन्हा तिसराच प्रकार: तिथे धागे बीच्या सालीवरूनच सगळीकडून निघतात, म्हणून सरकी वेगळी काढायला यंत्र लागतं. सावरीचा कापूस उशीत भरताना बिया नुसत्या झटकून निघतात.

केसांचा झुबका छत्रीसारखं काम करतो का?

आपण पॅराशूट म्हणतो, पण पॅराशूटचं कापड सलग असतं आणि झुबका बहुतांशी रिकामी जागा असते. तरी तो इतका चांगला कसा तरंगतो, हे कोडं बरीच वर्षं होतं. डँडेलियन नावाच्या युरोपातल्या रानफुलाच्या बीवर एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी काम केलं आणि 2018 मध्ये उत्तर प्रसिद्ध केलं. झुबक्यातल्या केसांमधून थोडी हवा नेमकी इतकीच गळते, की झुबक्याच्या वर, त्याला न चिकटता, हवेचं एक गोल कडं फिरत राहतं. त्या कड्यामुळे झुबक्याच्या वर दाब कमी राहतो आणि बी सावकाश उतरते. केस जास्त दाट किंवा जास्त विरळ असते तर ते कडं स्थिर राहिलं नसतं.

आपल्याकडे तशाच बांधणीची बी बघायची तर एकदांडी घ्या, पिवळ्या मधल्या भागाचं आणि कडेला पांढरट पाकळ्यांचं, रस्त्याकडेला कुठेही दिसणारं. मुळात अमेरिकेतलं, आता आपल्याकडे सर्वत्र पसरलेलं.

पंखाच्या बिया कुठल्या?

टेटूच्या तलवारीएवढ्या लांब शेंगेतल्या चपट्या बियांना चारी बाजूंनी कागदासारखा पातळ पारदर्शक पंख असतो. त्या हेलकावे खात उतरतात. वावळाचं गोल चपटं फळ पूर्णच पंख आहे आणि मधोमध बी. ऐनाच्या फळाला उभे पाच पंख असतात. पळसाच्या चपट्या शेंगेच्या टोकाला एकच बी असते आणि बाकीची शेंग शिडासारखी. हे सगळे केसांच्या झुबक्याइतके सावकाश उतरत नाहीत, पण त्यांची बी मोठी असते, म्हणजे रोपाला सुरुवातीची शिदोरी जास्त मिळते. लांब जायचं की शिदोरी घेऊन जायचं, या दोन्हींचा मेळ प्रत्येक झाडाने आपापल्या परीने घातलेला दिसतो.

नारळ समुद्रातून तरंगत कोकणात आला हे खरं का?

नारळ तरंगतो यात शंका नाही. बाहेरचा सोडणा हवेने भरलेला, त्याच्यावर गुळगुळीत साल, आत कठीण करवंटी आणि तिच्यात रोपाला पुरेल इतकं पाणी आणि खोबरं. समुद्रात सुमारे 110 दिवस तरंगलेला नारळ नंतर रुजल्याची नोंद आहे.

पण कोकणातल्या वाड्या समुद्राने लावल्या असं म्हणता येत नाही. 2011 मध्ये जगभरच्या नारळांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात दोन मोठे गट स्पष्ट निघाले, एक प्रशांत महासागराकडचा आणि एक हिंदी महासागराकडचा, आणि लागवड दोन्ही भागांत स्वतंत्रपणे सुरू झाली असावी असं दिसलं. आपले नारळ दुसऱ्या गटातले. पुढे माणसांनी जहाजांतून नारळ नेले आणि काही ठिकाणी दोन्ही गटांची सरमिसळ झाली. थोडक्यात, नारळाला तरंगण्याची ताकद समुद्राने शिकवली, वाडीत मात्र त्याला माणसानेच आणलं.

खाऱ्या पाण्यात बी मरत नाही का?

चार्ल्स डार्विनला हाच प्रश्न पडला होता. त्याने 87 प्रकारच्या बिया खाऱ्या पाण्यात भिजत ठेवल्या. 28 दिवसांनी त्यातल्या 64 प्रकारच्या रुजल्या, आणि थोड्या तर 137 दिवसांनंतरही. म्हणजे मीठ ही मोठी अडचण नव्हती. मोठी अडचण निघाली बुडण्याची. ताज्या बिया आणि फळं बहुतेक लवकर बुडाली. तीच वाळवून टाकली तर कितीतरी जास्त दिवस तरंगली.

तरंगायचं तर आत हवा हवी आणि साल पाणी शिरू न देणारी हवी. सह्याद्रीतल्या गारंबीच्या वेलाची बी हे याचं सुंदर उदाहरण. शेंग मीटरभर लांब, कधी त्याहून मोठी, आणि आतल्या गडद तपकिरी, चपट्या गोल बिया तळहातात मावतील एवढ्या. दोन दलांच्या मधे पोकळी असते, तीत हवा. पावसाळ्यात ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात, असा तिचा रस्ता. सागरगोट्याचंही तसंच. ज्या राखाडी, गुळगुळीत, दगडासारख्या बियांनी मुली सागरगोटे खेळत आल्या, त्यांच्या आतला गर सुकून आक्रसतो आणि हवेला जागा होते. नावातला सागर उगीच नाही. जगभरच्या किनाऱ्यांवर या बिया लाटांबरोबर येऊन पडलेल्या सापडतात.

कठीण सालीची किंमतही द्यावी लागते. सागरगोटा नुसता मातीत पुरला तर महिनोन्महिने ढिम्म हलत नाही. दगडावर एका बाजूने घासून साल पातळ केली आणि रात्रभर पाण्यात ठेवला, की तो फुगतो. किनाऱ्यावर हे घासण्याचं काम वाळू आणि काळ करतात.

कांदळाच्या झाडाला लोंबणाऱ्या हिरव्या शेंगा असतात, त्या बिया का?

त्या शेंगाही नाहीत आणि नुसत्या बियाही नाहीत. कांदळाची बी झाडावरच रुजते, आणि जे हातभर लांब हिरवं लोंबताना दिसतं ते रोपाचं खोडच असतं, टोक खाली करून. खाडीच्या चिखलात रोज दोनदा भरती येते. बीला तिथे पडून निवांत रुजायला वेळच मिळणार नाही. म्हणून कांदळ बाळाला मोठं करूनच सोडतो. शेजारची तिवर थोडं वेगळं करते: तिची बी आत रुजायला लागलेली असते, पण साल पाण्यात पडल्यावर सुटते.

कांदळाचं रोप भाल्यासारखं खाली पडून चिखलात रुततं असं सांगितलं जातं. ओहोटीत, मऊ चिखलावर पडलं तर कधी तसं होतंही. बऱ्याचदा मात्र ते पाण्यात पडून वाहतं. सुरुवातीला आडवं तरंगतं, मग मुळाकडचं टोक जड होत जातं तसं उभं होतं. उभं झालेलं रोप उथळ पाण्यात आलं की टोक तळाला टेकतं आणि तिथेच मुळं धरतं. खाडीवर ओहोटीच्या वेळी गेलात तर आडवं पडलेलं, पण मुळं फुटून हळूहळू वर वाकलेलं रोप नक्की दिसेल.

पिंपळ भिंतीवर कसा उगवतो? कावळ्याने खाल्ल्याशिवाय तो रुजत नाही म्हणतात.

कावळा, बुलबुल, मैना, कोकीळ, तांबट आणि वटवाघळं असे अनेकजण वड-पिंपळाची फळं खातात. एका फळात बारीक बिया भरपूर असतात, आणि त्या चावल्या न जाता पोटातून बाहेर येतात. बुलबुलाएवढ्या पक्ष्याच्या पोटात बी साधारण अर्धा तास, फार तर तासभर राहते. तेवढ्यात तो उडून दुसऱ्या झाडावर, तारेवर किंवा छपराच्या कडेला जाऊन बसतो. भिंतीच्या भेगेत धूळ आणि ओल असली की विष्ठेबरोबर पडलेली बी तिथे धरते. जंगलात हीच भेग म्हणजे दुसऱ्या झाडाची बेचकी. तिथून वडाची मुळं खाली सुटतात.

पण पोटातून जाणं ही अट नाही. गर धुऊन स्वच्छ केलेली बी ओल्या मातीवर, वर माती न टाकता, उजेडात ठेवली तर तीही रुजते. पक्षी दोन कामं करतो: गर काढून टाकतो आणि बी नेमक्या त्या जागी ठेवतो जिथे आपण पेरायला कधी गेलो नसतो. वड-पिंपळाबाबत मला दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं.

धनेशाचं इतकं कौतुक का करतात?

लहान पक्ष्याची चोच लहान, म्हणून तो लहान बियाच गिळतो. मोठ्या बियांची फळं गिळणारे आपल्या जंगलात थोडेच उरलेत, आणि त्यात धनेश वरच्या नंबरावर. महाधनेश रानजायफळासारखी मोठ्या बीची फळं अख्खी गिळतो, गर पचवतो आणि बी उलटून टाकतो. मोठ्या बिया विष्ठेतून न जाता चोचीतूनच परत येतात आणि शाबूत असतात. मधल्या वेळात तो एका डोंगरावरून दुसऱ्यावर गेलेला असू शकतो.

यातही एक मर्यादा आहे, ती सहसा सांगितली जात नाही. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला फळं आणून भरवतो. त्या महिन्यांत आणलेल्या बिया ढोलीखालीच पडतात. तिथे रोपांची गर्दी होते आणि जांभळाखाली जे होतं तेच तिथेही होतं. ढोलीपासून लांब, विश्रांतीच्या फांदीवरून किंवा वाटेत सोडलेल्या बियाच जास्त कामी येतात. म्हणून कोकणात ढोलीचं एखादं जुनं झाड वाचवणं गरजेचं आहेच, पण तेवढ्याने भागत नाही. आजूबाजूची फळझाडंही राहिली पाहिजेत, नाहीतर पक्षी इकडेतिकडे फिरणारच नाही आणि बियाही फिरणार नाहीत.

आमच्या आंब्यावर बांडगूळ वाढतंय. ते तिथे पोचतं कसं?

फुलटोच्या नावाच्या, चिमणीपेक्षाही लहान पक्ष्यामुळे. बांडगुळाच्या पिकलेल्या फळात एकच बी असते, आणि तिच्यावर गोंदासारखा चिकट थर असतो. फुलटोच्या फळ खातो, बी काही मिनिटांतच बाहेर येते, पण तो चिकटपणा पोटातही पुरता जात नाही. त्यामुळे बी पक्ष्याच्या बुडालाच चिकटून राहते, आणि तो फांदीवर बूड घासून ती काढतो. म्हणजे बी अगदी बरोबर जिथे हवी तिथे, फांदीच्या सालीवर लागते. जवळून बघितलं तर कधी फांदीवर दोन-तीन बिया चिकट तारेने जोडलेल्या सापडतात.

बांडगूळ काढायचं तर फळं पिकायच्या आधी काढा, आणि नुसता पाला छाटू नका. ते जिथे घुसलंय त्या गाठीच्या थोडं खालून, म्हणजे खोडाच्या बाजूने, फांदी कापावी लागते. नाहीतर पुन्हा फुटतं. आजूबाजूच्या झाडांवरची बांडगुळं तशीच ठेवलीत तर फुलटोच्या पुढच्या वर्षी नवी लावून जाईलच.

कुसळ कपड्यात इतकं आत कसं शिरतं?

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आपल्याला दिसतं ते उगीच नाही. माळरानावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते प्रत्येकाच्या अंगावर असतं. कुसळी गवताच्या दाण्याचं टोक सुईसारखं, आणि त्यावर मागच्या दिशेला झुकलेले ताठ केस. पुढे सरकलं की केस मिटतात, मागे ओढलं की रुततात. म्हणून ते एकाच दिशेने, आतच जातं.

दुसऱ्या टोकाला काही सेंटिमीटर लांब, काळपट, पिळलेली शेपटी असते. हवा दमट झाली की तिचा पीळ सुटतो, कोरडी झाली की पुन्हा बसतो. दाणा जमिनीवर पडल्यावर दिवस-रात्रीच्या ओल-कोरडेपणाने शेपटी फिरत राहते, एखाद्या काडीला टेकते, आणि दाणा मातीत खुपसला जातो. म्हणजे प्रवासाचं हत्यारच पुढे पेरणीचं अवजार होतं. मेंढपाळांना याचा खरा त्रास: कुसळ लोकरीतून कातडीत शिरतं आणि जखमा होतात. गवत पिकलं की कळप त्या माळावरून काढावा लागतो.

श्रावणात पूजेच्या पत्रीत असतो तो आघाडा याहून साधा आहे. त्याची फळं दांड्यावर खाली वाकून टोकदार होतात आणि जनावर घासून गेलं की निघून येतात. शंखेश्वराची काटेरी फळं आकड्यांनी अडकतात. अशाच आकड्यांच्या युरोपातल्या एका फळावरून स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल याला 1941 मध्ये वेल्क्रोची कल्पना सुचली. शंखेश्वराच्या एकाच फळात दोन बिया असतात. एक लवकर रुजते आणि दुसरी मागे राहते. म्हणून शेतातून एकदा उपटलं तरी तेच तण पुन्हा उभं राहतं.

शेंगा आपोआप फुटतात त्या कशाने? तेरड्याची हात लावला की, आणि कारवीची पाऊस पडला की?

दोन्ही फुटण्यामागचं तंत्र वेगळं आहे. तेरड्याचं बोंड हिरवं, रसरशीत असतानाच फुटतं. त्याच्या पाच पाकळ्यांसारख्या भिंती पाण्याने तट्ट फुगलेल्या आणि ताणलेल्या असतात, एकमेकींना शिवणीने जोडलेल्या. पिकलं की शिवण कमकुवत होते, आणि जरासा धक्का लागला की भिंती क्षणार्धात आत गुंडाळतात आणि बिया उडतात. फुटल्यावरची गुंडाळी हातात घेऊन उलगडून बघा. सोडली की ती पुन्हा गुंडाळते.

कांचन आणि त्याच्या जातीच्या शेंगा वाळल्यावर फुटतात. शेंगेच्या दोन्ही फाकांमध्ये तिरप्या दिशेने बसलेल्या तंतूंचे थर असतात. वाळताना ते वेगवेगळ्या दिशांनी आक्रसतात आणि फाकेला पीळ बसतो. पीळ इतका वाढतो की शिवण टिकत नाही. दुपारी कांचनाखाली उभं राहिलं तर फटकन आवाज येतो आणि जमिनीवर स्प्रिंगसारख्या पिळलेल्या फाका सापडतात.

कारवी, आबोली, कोरांटी या एका कुळातल्या. यांची वाळकी बोंडं ओल लागली की फुटतात. आत प्रत्येक बीखाली एक वाकडा आकडा असतो, तो बी फेकायला उपयोगी पडतो. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच डोंगर भरून फुलते आणि मरते. फळं पुढचा उन्हाळाभर वाळक्या झुडपांवर राहतात, आणि पहिल्या पावसाच्या सरींनी डोंगरभर तडतड सुरू होते. बी पडते तेव्हा जमीन ओली असते आणि आईची सावलीही नाहीशी झालेली असते. इतका नेमका मुहूर्त वाऱ्यावरच्या बीला साधत नाही.

अशी उडालेली बी किती दूर जाते?

बहुतेकदा काही मीटर. लहान वस्तूला हवा फार लवकर अडवते. चिमूटभर रवा कितीही जोरात फेकला तरी तो लांब जात नाही. यावरचा एक उपाय 2018 मध्ये मोजला गेला. कारवीच्याच कुळातल्या रुएलिया नावाच्या वनस्पतीच्या एका जातीच्या चकतीसारख्या बिया सेकंदाला 1600 हून जास्त फेऱ्या इतक्या वेगाने गरगरत सुटतात. त्यामुळे चकती उडताना कडेवर स्थिर राहते, हवेचा अडथळा कमी होतो आणि बी सुमारे 7 मीटर जाते. त्याहून लांब जायचं तर मोठी बी आणि उंच झाड लागतं: आफ्रिकेतल्या गॅबनमध्ये एका मोठ्या शेंगधारी झाडाच्या बिया 60 मीटरपर्यंत गेल्याचं मोजलंय.

एरंडासारखी झाडं फुटण्यावरच थांबत नाहीत. बोंड तडकून बी पडते, आणि तिच्या टोकाची पांढरट गाठ मुंग्यांना आवडते. मुंग्या बी ओढत नेतात, गाठ खातात आणि कठीण बी वारुळाच्या कचऱ्यात टाकून देतात.

माणसाचा यात वाटा किती?

मोठा, आणि तो बहुतेकदा नकळत असतो. गाजरगवत आपल्याकडे 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम लक्षात आलं. त्याच्या बारीक बिया टायरला लागलेल्या चिखलातून, मुरमातून, चाऱ्यातून आणि पाटाच्या पाण्यातून देशभर गेल्या. नवीन रस्ता झाला की त्याच्या कडेने आधी कोण उगवतं ते बघा, म्हणजे कळेल कोणाची बी गाडीत बसून येते.

घरी काय करून बघता येईल?

रुईची एक बी आणि तिच्यासारखीच केस काढलेली दुसरी घ्या. पंखा बंद करून, स्टुलावर उभं राहून दोन्ही एका उंचीवरून सोडा आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वेळ मोजा. पाच-सहा वेळा करा, कारण एका वेळेवर विसंबता येत नाही. मग उंची भागिले वेळ करून वर दिलेला हिशेब तुमच्या गल्लीतल्या झाडाच्या उंचीने मांडा.

एक वाळकं कुसळ दाणा खाली धरून मेणात रोवा आणि शेपटीवर पाण्याचा एक थेंब टाका. शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी फिरायला लागते. पुसून उन्हात ठेवलं की उलटी फिरते.

आणि आबोलीची पूर्ण वाळलेली बोंडं मिळाली तर बशीत ठेवून थोडं पाणी शिंपडा. लगेच काही होत नाही, त्यामुळे मुलं कंटाळून डोकं खाली नेऊन बघायला लागतात. तेव्हा त्यांना जरा मागे सरकवा. बी डोळ्याच्या दिशेने येते.